भरलेली पेटी बंद करता करता

जुना मेल बंद करायला मला तेरा दिवस लागले. उघडायला पाच मिनिटं लागली होती.

नागपूरच्या महाल भागात माझा लग्नपत्रिकांचा छापखाना आहे. दुकानाच्या नावाचा नवा मेल घेतला, तेव्हा जुनं पैसे भरून घेतलेलं खातं नूतनीकरणाच्या तारखेआधी बंद करायचं ठरवलं. ऐन एप्रिलमध्ये वर्ध्याच्या एका गिऱ्हाईकाचा फोन आला, "भाऊ, तुम्हाले पाठवलेला मेल परत येऊन राहिला." त्यानं स्क्रीनचा फोटो पाठवला. त्यावर `552 5.2.2 Mailbox full` लिहिलेलं होतं. माझ्याकडूनही काही जात नव्हतं. 10 जीबीची पेटी काठोकाठ भरली होती.

म्हटलं, बरंच झालं, आता बंदच करून टाकू. 'खातं बंद करा' दाबलं, तर उत्तर आलं की आधी प्लान रद्द करा. प्लान रद्द करायला गेलो, तर म्हणे साठा 1 जीबीच्या खाली आणा. प्लान रद्द झाला की खातं फुकटच्या प्रकारात जातं आणि त्याची मर्यादा 1 जीबी, म्हणून 10 जीबीवाल्याला तिथे घेत नाहीत. अहो, मला सगळंच पुसायचं आहे, मग जागेचा हिशोब कशाला? पण ऐकायला कोणी माणूसच नाही. मदत केंद्राला लिहिलं, तर उत्तर मेलनेच देऊ म्हणाले. त्याच भरलेल्या पेटीत!

मग पुसायला बसलो. दोनशे मेल निवडले, डिलीट केले, आकडा जागचा हलला नाही. ते कचऱ्याच्या फोल्डरात गेले होते आणि कचराही जागेतच मोजला जातो. तिथून ते आपोआप जायला तीस दिवस. कचरा हातानं रिकामा केला तेव्हा कुठे थोडी जागा झाली. लगेच रद्द करण्याचा कोड मागवला. कोड त्याच पेटीत येणार आणि पंधरा मिनिटं चालणार. तेवढ्यात कुठूनकुठून अडकलेले मेल धडाधड आले आणि पेटी पुन्हा भरली. कोड बाहेरच राहिला. कूलरसमोर बसूनही घाम फुटला.

त्या गर्दीचं कारण भाच्यानं सांगितलं. `452 4.2.2` असा तात्पुरता नकार मिळाला, तर पाठवणाऱ्याचा सर्व्हर काही दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करतो, म्हणून जागा दिसताच ते मेल आत शिरतात. `552` म्हणजे मात्र कायमचा नकार, ते मेल गेले ते गेलेच, त्या लोकांना फोन करून पुन्हा पाठवायला सांगावं लागतं. मी सात जणांना केले.

"मामा, वेबवर कायले बसता? थंडरबर्डमध्ये उघडा ना," तो म्हणाला. संगणकावरच्या त्या मेल प्रोग्राममध्ये खातं जोडलं, आकाराच्या रकान्यावर टिचकी मारली आणि पोटातलं दिसलं. आलेल्या मेलमध्ये सव्वातीन जीबी, पाठवलेल्यात जवळजवळ साडेसहा! पत्रिकेचा 18 एमबीचा प्रूफ मेलमध्ये जोडला की 24 एमबीच्या वर जातो, कारण जोडफाईल अक्षरांच्या रूपात बदलून जाते आणि एक तृतीयांश फुगते. त्यात गिऱ्हाईक 'ळ चा ल झालाय' म्हणत तीच फाईल परत पाठवणार, आणि मी दुरुस्त करून पुन्हा. एका लग्नाचे चार-चार प्रूफ, वधू-वरांना आता मुलंही झाली असतील.

इथे थंडरबर्डमध्येही पहिल्यांदा नुसतं डिलीट केलं, तर चूक आली. कचऱ्यात न्यायचं म्हणजे आमच्या सर्व्हरवर आधी तिथे प्रत होणार, मग मूळ जाणार, आणि प्रतीलाच जागा नाही. म्हणून शिफ्ट दाबून डिलीट करायचं, म्हणजे मेल कचऱ्यात न जाता थेट जातो. नंतर फोल्डरवर उजवी टिचकी मारून 'कॉम्पॅक्ट' करायचं, म्हणजे पुसलेलं कायमचं निघतं. आधी सांगायचं राहिलं, जे ठेवायचं आहे ते पुसण्याआधी 'लोकल फोल्डर्स'मध्ये कॉपी करून घ्या. ते आपल्या संगणकावर उतरतं, सर्व्हरवर जागा लागत नाही. मी दोन वर्षांची बिलं अशी वाचवली आणि कॉपी झालेला एक मेल इंटरनेट बंद करून उघडून बघितला, खात्री म्हणून.

एका बैठकीत नऊ जीबीच्या वर काढले. तरी आकडा रात्रभर जुनाच दाखवत होता. मी चिडून पुन्हा पुसायला निघालो, तर भाचा म्हणाला, सकाळपर्यंत थांबा. सकाळी 0.6 जीबी.

कोड आला, प्लान रद्द झाला. खातं बंद करायला दुसरा कोड लागला, तोही त्याच पेटीत. यावेळी जागा भरपूर होती, त्यामुळे मिनिटभरात आला. नूतनीकरणाला तीन दिवस होते. त्या दिवशी पहिल्यांदा मी भाच्याला तर्री पोहे खाऊ घातले, आणि त्यानं दोन प्लेट मारल्या.