पत्र कुणाच्या नावे?

आमच्या ताई नगरसेविका आहेत. त्यांच्या संपर्क कार्यालयातून जाणारा बहुतेक मजकूर माझ्या हातचा असतो. यंदा दिवाळीच्या शुभेच्छापत्रासाठी त्यांनी बजावलं, “प्रचार नको. आणि हे आपल्यासाठी नाही, असं कुणालाही वाटता कामा नये.”

कार्यकर्त्यांनी आणलेल्या मसुद्यात वर पक्षचिन्ह, मधे विकासकामांची यादी, खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून चौदा नावं. शुभेच्छा मात्र एका ओळीत. चिन्ह, यादी, नावं काढणं सोपं होतं. त्यावर चौदापैकी तिघे रुसले, ते निराळं.

खरा प्रचार शब्दांत दडून बसतो. ‘आपण दिलेल्या संधीमुळे’ म्हटलं की वाचणाऱ्याला मत आठवतं. ‘असाच स्नेह राहू द्या’ हे तर सरळ मागणंच. ‘माझ्या प्रभागातील’मध्ये मालकी होती, तिथे ‘आपल्या’ केलं. ‘तमाम मतदार बंधू-भगिनींना’ खोडून ‘सर्व रहिवाशांना’ लिहिलं. एकाने सगळ्या धर्मांची नावं ओळीने घालायला सुचवलं. मी नको म्हटलं. अशा यादीत कुणीतरी राहतोच, आणि न राहिलेल्यालाही आपली मोजदाद झाल्यासारखं वाटतं. त्याऐवजी तीन वाक्यं ठेवली: सण साजरा करणाऱ्यांना शुभेच्छा, ज्यांच्या घरी यंदा सण नाही त्यांची आठवण, आणि सणाच्या दिवशीही कामावर असणाऱ्यांचे आभार. खाली फक्त ताईंचं नाव.

मजकुरावर मी खूश होतो. पाकिटांवर पत्त्यांची लेबलं चिकटवायला बसलो तेव्हा एका इमारतीचा गठ्ठा फारच पातळ लागला. बारा घरं, लेबलं सात. कार्यालयप्रमुखांना विचारलं तर म्हणाले, “यादीत आहेत तेवढीच निघणार ना!”

यादी म्हणजे मतदार यादी. गेल्या निवडणुकीच्या स्लिपा ज्या फायलीतून काढल्या, त्याच फायलीतून लेबलं छापली होती. कोपऱ्यात यादी भाग क्रमांकसुद्धा तसाच. नाव एकाच ठिकाणी नोंदवता येतं, त्यामुळे ज्यांचं गावाकडे आहे ते भाडेकरू यादीत नव्हते. नव्याने राहायला आलेले नव्हते. उलट, घर सोडून गेलेले मात्र होते. आतल्या पत्रात ‘सर्व रहिवाशांना’ आणि पाकिटावर मतदाराचा भाग क्रमांक! ही फाईल महिनाभर माझ्याच संगणकात होती, म्हणून दोष एकट्या प्रमुखांना देता येत नाही.

लेबलं रद्द केली. नावाऐवजी इमारत आणि घर क्रमांक लिहिला, जिन्यागणिक दारं मोजली आणि प्रत्येक दाराला एक याप्रमाणे पत्रं वाटली. दोन दिवस जास्त गेले. प्रमुख अजून म्हणतात, निम्मी पत्रं फुकट गेली. फुकट म्हणजे काय, हे मी त्यांना विचारलेलं नाही.

वाटपाच्या दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीतल्या एक भाडेकरू बाई कार्यालयात आल्या. पाकीट न उघडता टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, “हे घरमालकांचं असेल. आमचं नाव इथल्या यादीत नाहीये.”