दोन अज्ञात, दोन समीकरणं, तरी उत्तर चुकलं

आज दुपारभर नंदनवनच्या अभ्यासिकेत बँकेच्या परीक्षेचे जुने सराव संच घेऊन बसलो होतो. डेटा सफिशियन्सीत दिलेली विधानं उत्तर काढायला पुरेशी आहेत का, एवढंच ठरवायचं असतं. त्यासाठी माझा शॉर्टकट ठरलेला: अज्ञात दोन, समीकरणं दोन, म्हणजे 'दोन्ही विधानं मिळून पुरेशी'. पुढचा प्रश्न.

एका प्रश्नावर अडकलो. 4 पेन आणि 6 वह्यांची किंमत किती? पहिलं विधान: 2 पेन आणि 3 वह्या 120 रुपयांना. दुसरं: वही पेनपेक्षा 15 रुपयांनी महाग. मी सवयीने 'दोन्ही मिळून' लिहिलं. उत्तर होतं 'फक्त पहिलं पुरेसं'. पेनची किंमत कोणी विचारलीच नव्हती, 120 ची दुप्पट केली की 240!

पुढच्याच संचात उलटा फटका बसला. विचारली एका पेनची किंमत, पहिलं विधान तेच, आणि दुसरं विधान 6 पेन, 9 वह्या 360 रुपयांना. ही तर पहिल्याच विधानाची तिप्पट, म्हणजे दोन्ही मिळूनही अपुरी. आता आधी नेमकं काय विचारलंय ते अधोरेखित करतो, मग एक समीकरण दुसऱ्याची पट आहे का ते पाहतो. पाच सेकंद जातात, जाऊ देत.

अॅप्रॉक्सिमेशनमध्ये, म्हणजे अंदाजे उत्तर काढायच्या प्रश्नांत, मात्र माझा दुसरा शॉर्टकट टिकला. 38.7 × 27.6 मध्ये दोन्ही वर नेले, 40 × 30 केलं, तर 1200 येतं, खरं उत्तर 1068 च्या आसपास. एक वर, एक खाली, 40 × 27 केलं की 1080. पण पर्यायांत 1070 आणि 1080 दोन्ही असतील तर हे चालत नाही, म्हणून नजर आधी पर्यायांतल्या अंतरावर.