भोरांड्याची नाळ चढून नाणेघाटाने उतरलो: आधी वाटेचं नाव नीट वाचा

‘नाणेघाटासारखीच वाट आहे, फक्त गर्दी नसते,’ असं आम्हाला सांगितलं गेलं. सांगणारा स्वतः ती वाट चढलेला नव्हता, हे नंतर कळलं. दोन्ही वाटा कल्याण-माळशेज रस्त्यावरून एकाच कड्यावर चढतात आणि वरच्या पठारावर जुन्नरच्या बाजूला निघतात, म्हणून त्या सारख्याच असतील असं आम्हीही धरून चाललो. खरं तर दोघींच्या नावातच सगळं लिहिलेलं होतं. एक घाट आहे, दुसरी नाळ.

सह्याद्रीत जुन्या वाटेला घाट म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा तिथून लादलेली जनावरं जायची, म्हणजे चढ माफक आणि पाऊल टेकेल अशी वाट असणार. नाळ म्हणजे दोन कड्यांमधली पाण्याची घळ. ती पाण्याने कोरलेली असते, माणसाने बांधलेली नसते. भोरांडे हे पायथ्याचं गाव, म्हणून भोरांड्याची नाळ. तिलाच ‘भोरांड्याचं दार’ही म्हणतात. वर पोचल्यावर मला त्याचा अर्थ लागला: खालून बघणाऱ्याला घळ दिसते, तर पठारावरून कड्याच्या सलग भिंतीत पडलेली फट दिसते, दारासारखी.

आता त्या नाळेबद्दल. सुरुवातीचं रान आणि ओढा सोपा आहे, ते सोडून देतो. दोन्ही बाजूंचे कातळ जवळ आले की पायाखाली फक्त दगड उरतात आणि खरा त्रास इथे सुरू होतो. मोठ्या धोंड्यांवरून हातपाय टेकत चढता येतं, पण वरच्या टप्प्यात मुरूम आणि सुटी दगडगोटी आहे. एक पाऊल वर टाकावं तर अर्धं खाली येतं. आमच्यातल्या एकाच्या पायाखालून नारळाएवढा दगड सुटला, मागच्याच्या खांद्याजवळून गेला आणि बराच वेळ खाली आपटत राहिला. त्यानंतर कुणी बोललं नाही.

तिथे घोळक्याने चढू नका. एकाने आडोशाला पोचून हाक दिल्यावरच दुसऱ्याने निघायचं, आणि थांबायचं ते कड्याला चिकटून, घळीच्या मध्यावर नाही. धोंड्यावर भार टाकण्याआधी तो हाताने हलवून बघा. ज्याच्या खालची माती ओली आणि ताजी उकरल्यासारखी दिसते तो नुकताच सरकलेला असतो, त्याला हात लावू नका. पावसाळ्यात ही वाट पूर्ण वर्ज्य, कारण तेव्हा ती वाट नसते, धबधबा असतो. आम्ही ऑक्टोबरअखेर गेलो तेही लवकरच झालं. डिसेंबर ते फेब्रुवारी जा, हेल्मेट घाला, माणशी तीन लिटर पाणी घ्या. नाळेत पाणी मिळेल या भरवशावर राहू नका. आम्हाला चढायला साडेतीन तास लागले.

पठारावरची चाल सुखाची होती. नाणेघाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत म्हणून हा नाणेघाट, असं सांगतात. सातवाहन काळातला हा व्यापारी मार्ग, तेव्हा नाव कामावरून पडलं हे मला पटतं. जवळच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांच्या दक्षिणेत दिलेल्या गाई आणि कार्षापण नाण्यांचे आकडे कोरलेले आहेत. दमलेलो असूनही त्या अक्षरांसमोर अर्धा तास उभे होतो. शेजारचा सुळका मात्र आकारावरून ओळखला जातो: नानाचा अंगठा. खालच्या रस्त्यावरून बघा, शंका राहणार नाही. काहीजण घाटालाही ‘नानाघाट’ म्हणतात.

समोर जीवधन किल्ला आणि त्याला लागून वानरलिंगी. लिंगी म्हणजे सरळसोट उभा सुळका, तिथे दोराशिवाय काही चालत नाही. याच सुळक्याला गिर्यारोहक ‘खडा पारशी’ म्हणतात. भायखळ्याला उंच खांबावर उभ्या असलेल्या पुतळ्याचं तेच नाव आहे, म्हणजे डोंगराला नाव द्यायला मुंबईही आली.

पण फक्त शेवटचा शब्द बघून निघू नका. खांडसहून भीमाशंकरला जाणारा शिडी घाट नावाने घाटच आहे, पण त्यातला ‘शिडी’ हा शब्दही तितकाच खरा आहे. तिथे लोखंडी शिड्या चढाव्या लागतात. नावावरून कळत नसेल तर पायथ्याच्या गावात एकच विचारा: ‘या वाटेने गुरं उतरतात का?’ उत्तर ‘नाही’ आलं, तर कुणी कितीही सोपी म्हणो, दोर आणि दुप्पट वेळ हाताशी ठेवा.

नाणेघाट उतरायला दोन तासही लागत नाहीत. पायथ्याला रस्त्यावर आलो तेव्हा एका जीपवाल्याने गाडीपर्यंत सोडायचे आठशे मागितले. दोन्ही वाटांचे पायथे याच रस्त्यालगत, काही किलोमीटरच्या अंतरात आहेत. अंधार पडत होता म्हणून आम्ही दिले. तुम्ही देऊ नका. चारच्या आत खाली या आणि माळशेजकडे जाणाऱ्या एसटीला हात करा.