सहा गोळ्या आणि तीन लिटर पाणी

त्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात आलेले काका निवृत्त लेखापाल होते. वय ६८ वर्षे, वजन साधारण ६५ किलो. मधुमेहामुळे त्यांच्या किडन्यांचे काम गेली काही वर्षे हळूहळू मंदावत होते आणि आता ते निरोगी माणसाच्या जेमतेम पाव भागावर आले होते. ते दर तीन महिन्यांनी येत, वेळेवर येत, आणि प्रत्येक वेळी स्वतःच्या आजाराच्या नोंदींची एक वही घेऊन येत. त्या दिवशी मात्र ते खुर्चीत बसण्याआधीच माझे लक्ष त्यांच्या श्वासाकडे गेले. त्यांना दम लागला होता असे म्हणता येणार नाही, कारण ते न थांबता बोलत होते. पण प्रत्येक श्वास नेहमीपेक्षा खोल होता, आणि तो तसा चालला आहे हे त्यांना स्वतःला जाणवतही नव्हते. सोबत आलेल्या काकूंनी सांगितले की महिनाभरापासून जिना चढताना त्यांच्या पायांत त्राण राहत नाही आणि जेवणावरची वासना उडाली आहे.

काका मात्र उत्साहात होते. त्यांनी वही उघडून माझ्यासमोर ठेवली. अडीच महिन्यांपासून ते अल्कलाइन पाणी पीत होते, रोज तीन लिटर, बाटलीवर पीएच ९.५ असे छापलेले. रोज सकाळी ते लघवीत कागदी पट्टी बुडवून रंग पाहत आणि आकडा लिहीत. पहिल्या पंधरवड्यात ५ आणि ५.५ असे आकडे होते. पुढे ते ६, कधी ६.५ झाले होते. पाणी विकणाऱ्याने त्यांना आधी सांगितले होते की शरीरातले आम्ल बाहेर पडते आहे म्हणून आकडा कमी दिसतो, आणि नंतर सांगितले की शरीर अल्कलाइन झाले म्हणून आकडा वाढला. आकडा खाली असो वा वर, दोन्ही गोष्टी पाण्याच्याच बाजूने मोजल्या जात होत्या.

मी गोळ्यांबद्दल विचारले तेव्हा ते सहजपणे म्हणाले, “बाकी सगळ्या चालू आहेत डॉक्टर. फक्त त्या सोड्याच्या बंद केल्या. ॲसिडिटीसाठीच्या होत्या ना त्या? पाणी सुरू केल्यावर त्यांची गरजच उरली नाही.”

सोडियम बायकार्बोनेटच्या ५०० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या ते दिवसाला घेत होते. त्या पोटातल्या जळजळीसाठी नव्हत्या, रक्तासाठी होत्या. पण मी चिठ्ठीवर फक्त नाव आणि मात्रा लिहिली होती. कशासाठी ते मी त्यांना नीट सांगितले नव्हते. ज्या माणसाला ही गोळी पोटातले आम्ल मारण्यासाठी आहे असे वाटते, त्याने तिच्या जागी अल्कलाइन पाणी निवडावे यात तर्काची चूक काहीच नाही. माहिती माझ्याकडून अपुरी गेली होती.

तासाभरात रक्ताचे अहवाल आले. रक्तातले बायकार्बोनेट तीन महिन्यांपूर्वी २२ होते, ते १४ वर आले होते. पीएच ७.३१ होता, तो ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात असायला हवा. पोटॅशियम ५.६ पर्यंत चढले होते. खोल श्वासांचे कारण हेच होते: रक्तात आम्ल साचू लागले की फुप्फुसे कार्बन डायऑक्साइड अधिक बाहेर टाकून पीएच सावरायचा प्रयत्न करतात. ईसीजी सुदैवाने ठीक होता. मी त्यांना एक रात्र रुग्णालयात ठेवून घेतले, गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि पोटॅशियम उतरवण्याचे औषध दिले.

संध्याकाळी वॉर्डात गेलो तेव्हा काका खिन्न होते. त्यांनी विचारले, “म्हणजे पाणी पोटात गेल्या गेल्या तिथल्या आम्लाने संपून जाते, असेच ना?”

हे उत्तर बहुतेक डॉक्टर देतात आणि मीही कित्येक वर्षे दिले आहे. ते अर्धेच खरे आहे. जठरातला रस पीएच १.५ च्या आसपास असतो, आणि ९.५ पीएचच्या एका लिटर पाण्यात जितका मोकळा अल्कली असतो तो मारायला असा सुमारे एक मिलिलिटर रस पुरतो. पण मग त्यांच्या सोड्याच्या गोळ्याही त्याच जठरात जात होत्या, त्याच आम्लाशी त्यांची गाठ पडत होती, तरी त्या अडीच महिन्यांपूर्वीपर्यंत काम करत होत्या, हे कसे? कारण जठराच्या भिंतीतल्या पेशी आम्लाचा एक कण पोटात सोडतात तेव्हा बायकार्बोनेटचा एक कण रक्तात सोडतात. एरवी हे आम्ल पुढे आतड्यात उतरते आणि ते शमवण्यासाठी स्वादुपिंडाला तितकेच बायकार्बोनेट रक्तातून उचलून खर्च करावे लागते, म्हणजे हिशेब बरोबरीत सुटतो. गोळीने ते आम्ल आधीच शमवले तर स्वादुपिंडाचा तेवढा खर्च वाचतो आणि बायकार्बोनेट रक्तातच शिल्लक राहते. म्हणजे पोटात आम्लाशी भेट झाली म्हणून अल्कली वाया जात नाही. प्रश्न फक्त एकच उरतो, तो किती आहे.

काकांनी आयुष्यभर जमाखर्च लिहिला होता, म्हणून मी त्यांच्याच वहीत मागच्या पानावर आकडे मांडले. आम्ल आणि अल्कली मोजण्याचे एकक मिलिमोल. सोड्याच्या एका गोळीत सुमारे ६ मिलिमोल अल्कली असतो, म्हणजे सहा गोळ्यांत ३६. पीएच ९.५ म्हटले की एका लिटरमध्ये मोकळा अल्कली साधारण ०.०३ मिलिमोल, तीन लिटरमध्ये ०.१ देखील भरत नाही. एका गोळीची बरोबरी करायला असे सुमारे १९० लिटर पाणी लागेल. पाण्यात विरघळलेले थोडे बायकार्बोनेटही असते हे खरे, पण ते साध्या पिण्याच्या पाण्यातही कमीअधिक असतेच, आणि बाटलीवरच्या ९.५ या आकड्यावरून ते किती आहे हे कळत नाही.

त्यांना ते पटेना. “पण ९.५ म्हणजे गोळीपेक्षा जास्तच असणार ना?” असे ते म्हणाले, आणि मला वाटते सगळा घोळ याच वाक्यात आहे. मी प्रयोगशाळेतून दोन काचेचे पेले आणि रंग बदलणाऱ्या द्रावणाची छोटी बाटली मागवली, आणि उपाहारगृहातून थोडे व्हिनेगर. एका पेल्यात त्यांचे पाणी ओतले, दुसऱ्यात तेवढ्याच साध्या पाण्यात एक गोळी कुटून विरघळवली. रंगाचे थेंब पडताच त्यांचे पाणी जांभळट निळे झाले. गोळीचे पाणी निळसर हिरव्यावरच थांबले, म्हणजे पीएच आठच्या थोडा वर. काका माझ्याकडे पाहू लागले, कारण पाणी जिंकले होते. मग मी व्हिनेगर थेंबाथेंबाने सोडायला सुरुवात केली. त्यांच्या पाण्याचा निळा रंग दोन-तीन थेंबांतच हिरव्यावर उतरला आणि आठव्या थेंबापर्यंत सगळा पेला पिवळा झाला. गोळीच्या पेल्यात बारीक बुडबुडे उठत राहिले. वीस थेंब झाले, तीस झाले, चाळीस झाले, तरी पाणी हिरवेच होते. काकूंनी थेंब मोजले होते. काका बराच वेळ त्या हिरव्या पेल्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे पीएच हा भाव झाला. माल किती आहे ते त्यात दिसत नाही.”

मग किडनीचा भाग सांगणे सोपे गेले. आपण जे प्रथिन खातो त्याच्या ज्वलनातून रोज शरीरात काही आम्ल तयार होते, ढोबळमानाने दर किलो वजनामागे एक मिलिमोल, म्हणजे काकांच्या बाबतीत ६५ च्या आसपास. हे आम्ल श्वासावाटे जाऊ शकत नाही. ते किडनीनेच बाहेर काढावे लागते. किडन्या दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातले चार हजारांहून अधिक मिलिमोल बायकार्बोनेट जवळजवळ सगळे परत घेतात. त्यानंतर आम्लाने खर्च केलेले तेवढे बायकार्बोनेट त्या नव्याने तयार करतात. यासाठी किडनीच्या पेशी अमोनिया बनवतात, आणि आम्लाचा मोठा वाटा या अमोनियावर बसून लघवीतून जातो. काकांच्या किडन्यांत अशा पेशीच कमी उरल्या होत्या. रोजची तूट गोळ्या भरून काढत होत्या. गोळ्या थांबल्यावर ती हाडांतल्या क्षारांतून आणि स्नायूंची झीज होऊन भरली जाऊ लागली, आणि म्हणूनच जिना चढवेना.

लघवीच्या पट्टीबद्दलही त्यांनी विचारले, आणि तो प्रश्न योग्य होता. पट्टी फक्त मोकळे आम्ल पाहते, अमोनियावर बसलेले आम्ल तिला दिसत नाही. लघवी जास्तीत जास्त आम्लधर्मी, म्हणजे पीएच ४.५ असली, तरी एका लिटरमध्ये मोकळे आम्ल ०.०३ मिलिमोलच असते. ६५ पैकी ते कुठल्या कोपऱ्यात जाईल? त्यामुळे ५ चा आकडा ६.५ झाला यावरून किती आम्ल बाहेर गेले हे कळत नाही, आणि रक्तात किती उरले हे तर मुळीच कळत नाही. रोज तीन लिटर कुठलेही पाणी प्यायले तरी लघवी पातळ होऊन आकडा थोडा वर सरकू शकतो. त्यांच्या वहीतला आकडा चढत होता त्याच आठवड्यांत त्यांच्या रक्तातले बायकार्बोनेट उतरत होते.

ज्याच्या किडन्या धडधाकट आहेत त्याने हे पाणी प्यायले तर सहसा बिघडत नाही, कारण एवढा किरकोळ अल्कली किडन्यांच्या खिजगणतीतही येत नाही. आणि त्याच कारणाने त्याने काही सुधारतही नाही. काकांना पाण्यातल्या कशाने इजा झाली नव्हती. त्या पाण्यामुळे सुटलेल्या गोळ्यांनी ती झाली होती.

आठवड्याने त्यांचे बायकार्बोनेट १८ झाले आणि महिन्याने २२. गोळ्यांतून सोडियमही जाते, म्हणून दर वेळी पायांवरची सूज आणि रक्तदाब पाहावा लागतो. तो त्यांचा ठीक राहिला. पोटॅशियम ४.८ वर आले. वहीत लघवीचा रकाना आता नव्हता, त्याच्या जागी रक्तातल्या बायकार्बोनेटचा होता. चिठ्ठीवर मी गोळीच्या नावापुढे “रक्तातले आम्ल कमी ठेवण्यासाठी, ॲसिडिटीसाठी नाही, विचारल्याशिवाय थांबवू नये” असे लिहून दिले होते. घरी उरलेल्या बाटल्यांचे काय करायचे असे काकूंनी विचारले, तेव्हा मी म्हणालो, “प्यायला हरकत नाही. फक्त दिवसाच्या पाण्यात मोजा, औषधात नको.”