एकच चिठ्ठी मिळालेली मुलगी

आमची जिल्हा परिषदेची शाळा यवतमाळ जिल्ह्यातली. सातवीत बावीस मुलं, त्यातली बारा गावातली आणि दहा तांड्यावरून चालत येणारी. दिवाळीआधी मी वर्गाला एकच प्रश्न दिला: गणितात अडलं तर तू कोणाला विचारतोस? जास्तीत जास्त तीन नावं लिहायची, चिठ्ठी घडी करून माझ्याकडे द्यायची. कोण आवडत नाही, हे मी मुद्दाम विचारलं नाही. असं उत्तर एकदा कागदावर आलं की ते वर्गात फुटतंच, आणि मग ते पोर वर्षभर सोसतं.

ही पद्धत जुनी आहे. जेकब मोरेनो यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या मुलींच्या एका निवासी संस्थेत कोणाला कोणासोबत राहायचंय हे विचारून अशीच चित्रं काढली होती. प्रत्येक मूल म्हणजे एक बिंदू, म्हणजे नोड. ज्याने नाव लिहिलं त्याच्याकडून ज्याचं लिहिलं त्याच्याकडे जाणारा बाण म्हणजे दुवा. त्या दिवशी गैरहजर असलेल्यांच्या चिठ्ठ्या मी नंतर घेतल्या. नाहीतर इतरांनी त्यांची नावं लिहिली असतील तर येणारे बाण दिसतात, पण त्यांच्याकडून निघणारे बाण दिसत नाहीत आणि चित्र खोटं होतं.

शाळा सुटल्यावर कार्डशीटवर बाण काढायला बसले. सगळ्यात जास्त बाण अपेक्षेप्रमाणे वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलाकडे गेले, नऊ. पण चित्र पूर्ण झालं तेव्हा कागदाचे सरळ दोन भाग पडलेले दिसले, गाव एकीकडे, तांडा दुसरीकडे. दोन्हींना जोडणारी मुलगी एकच होती, तांड्यावरची, तिसऱ्या बाकावर बसणारी, वर्गात फारसं न बोलणारी. तिने गावातल्या दोघींची आणि तांड्यावरच्या एका मुलाची नावं लिहिली होती. तिचं नाव मात्र फक्त एकीने लिहिलं होतं, तीही तांड्यावरचीच.

नुसते येणारे बाण मोजले असते तर ती शेवटच्या काही मुलांत गेली असती. त्या मोजणीतून कोणाला किती जण थेट विचारतात एवढंच कळतं. कोण मधे उभं आहे हे कळायला वेगळी मोजणी लागते. ती लिंटन फ्रीमन यांनी १९७७ मध्ये मांडली, मध्यस्थता-केंद्रीयता. मी बाणांची दिशा बाजूला ठेवून नुसत्या रेषा धरल्या आणि हाताने हिशेब केला. तिला वगळून एकवीस मुलं उरतात, त्यांच्या जोड्या होतात २१० (२१ × २० ÷ २). गावातली बारा आणि तांड्यावरची उरलेली नऊ, म्हणजे १०८ जोड्या अशा की एकाकडून दुसऱ्याकडे जायचं तर हिच्यावरूनच. गावातल्या तिच्या दोन मैत्रिणी आपसात जोडलेल्या, तांड्यावरचे तिचे दोघेही तसेच. त्यामुळे एकाच बाजूच्या जोड्यांना तिची गरज पडत नव्हती. १०८ भागिले २१०, म्हणजे ०.५१. वर्गातल्या अर्ध्याहून जास्त जोड्यांची वाट एका मुलीवरून जात होती.

असं का, हे कागद सांगत नाही, माणसांनाच विचारावं लागतं. तिची आई गावात मजुरीला येते, त्यामुळे ती लहानपणी गावातल्याच अंगणवाडीत होती. आणि तिचं नाव लिहिणारी मुलगी मला म्हणाली, "मॅडम, तिलेच विचारतो आमी. ते गोरमाटीत समजावून सांगते." माझं मराठीतलं गणित त्या मुलांपर्यंत तिच्या तोंडून पोचत होतं.

मग कापसाची वेचणी आली आणि ती घरच्यांबरोबर शेतात जायला लागली. त्या काळात तांड्यावरच्या मुलांच्या वह्यांतले अपूर्णांक अर्धवट राहिले. तिच्या न येण्यामुळेच, असं मी म्हणणार नाही. त्यांतलीही काही मुलं वेचणीला जात होती. पण रोज हजर असलेल्यांच्या वह्याही तशाच होत्या, म्हणून मी थांबले नाही. गावातलं एक आणि तांड्यावरचं एक अशा जोड्या करून गणिताचा सराव घ्यायला लागले आणि गोरमाटीतून समजावायची मोकळीक दिली.

हे चित्र मैत्रीचं नव्हतं, हेही सांगायला हवं. नंतर मी कोणाबरोबर खेळता हे विचारलं, तर कबड्डीमुळे दोन्हीकडची पोरं एकमेकांत गुंतलेली निघाली, तिथे पूल लागलाच नाही. प्रश्न बदलला की जाळं बदलतं. तीन नावांच्या मर्यादेचाही परिणाम होतो, चौथं नाव असेल तर ते चित्रात येतच नाही.

फेब्रुवारीत गणिताचा तोच प्रश्न पुन्हा दिला. गाव आणि तांडा यांच्यात तिच्याशिवाय आणखी तीन रेषा आल्या. तिची मध्यस्थता उतरली, आणि तिच्याकडे येणारे बाण एकाचे चार झाले. त्यांतला एक गावातल्या मुलाचा होता.