आमची वाटचाल: फळ्यावरचा ‘प्र’ कोण?

आम्ही इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनेल बनवतो. सुरुवातीला चौघेच होतो, तेव्हा मीटिंग अशी वेगळी नसायचीच. पॅनेलपाशी उभ्या उभ्या बोलणं व्हायचं आणि जो तो कामाला लागायचा. अकरा जण झालो तेव्हा भिंतीवर पांढरा फळा आला. दर मंगळवारी सगळे फळ्यासमोर जमायचे, शेवटी कोणीतरी मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर टाकायचं आणि त्याखाली पाच-सहा अंगठे यायचे. तो अंगठा म्हणजे ‘पाहिलं’, ‘मान्य’ की ‘मी करतो’, हे कोणी कोणाला विचारलं नाही. दोन वर्षं असंच चाललं आणि निभावलंही, कारण काम विसरलं तरी शेवटच्या दिवशी धावपळ करायला कोणी ना कोणी असायचंच.

मग एका पॅनेलचा दरवाजा वाया गेला. ग्राहकाने दरवाजावरचं 96 मिलिमीटरचं मीटर बदलून 72 चं मागितलं होतं. 96 च्या मीटरला दरवाजात 92 बाय 92 मिलिमीटरचं भोक लागतं, 72 च्या मीटरला 68 बाय 68 चं. लहान भोक कापून मोठं करता येतं, मोठं लहान करता येत नाही. फळ्यावर ओळ होती: ‘मीटर 72 – प्र – शुक्र.’ आमच्याकडे ‘प्र’ दोन. एक ड्रॉइंग करतो, दुसरी खरेदी बघते. ड्रॉइंगवाल्याला वाटलं, मीटर मागवायचं आहे, म्हणजे ते तिचं काम. तिला वाटलं, ड्रॉइंग बदलायचं आहे, म्हणजे त्याचं. अंगठा दोघांनीही दिला होता. शनिवारी सकाळी फॅब्रिकेटरने हातात असलेल्या जुन्या ड्रॉइंगप्रमाणे दरवाजा कापला. त्याची काहीच चूक नव्हती.

त्या आठवड्यात मी एक उद्योग केला. त्याच फोटोच्या तीन प्रती छापल्या आणि मीटिंगला हजर असलेल्या तिघांना वेगवेगळं बसवून म्हटलं, यातून कामांची यादी काढा. एकाने पाच कामं काढली, एकीने आठ, एकाने नऊ. तिन्ही याद्यांत सारखी अशी कामं फक्त दोन निघाली.

फरक कुठे पडला ते बघण्यासारखं होतं. ‘रॅल 7035 ✓’ या ओळीतली खूण एकाने ‘रंग ठरला’ अशी वाचली, दुसऱ्याने ‘रंग देऊन झाला’ अशी. ‘टेस्टिंग → ग्राहक’ यातून एकीने ‘टेस्ट रिपोर्ट ग्राहकाला पाठवणे’ असं काम लिहिलं. प्रत्यक्षात ग्राहक स्वतः टेस्टिंगला येणार होता, म्हणजे त्याला तारीख कळवायची होती. ‘ग्लँड प्लेट ?’ ही केबल आत घ्यायच्या पत्र्याची ओळ एकाने गाळली, एकाने ‘ग्लँड प्लेट बनवणे’ केली. तो प्रश्न होता, केबल वरून येणार की खालून, आणि उत्तर ग्राहकाकडे होतं. सगळ्यात गंमत ‘ट्रान्सपोर्ट’ची. ते आधीच्या आठवड्याचं, नीट न पुसलं गेलेलं लिखाण होतं. समोर उभं राहिलं तर ते पुसट आहे हे लगेच कळायचं, फोटोत मात्र ते फिक्या मार्करने लिहिल्यासारखं दिसत होतं. नऊ कामांतलं एक काम म्हणजे हे भूत.

तेव्हापासून फोटोवरून थेट यादी करायची नाही, असं ठरलं. ज्याची पाळी असेल तो आधी फळा जसाच्या तसा उतरवतो: बाण, खुणा, प्रश्नचिन्हं, खोडलेलं सगळं. वाचता येत नसेल तिथे ‘वाचता येत नाही’ असंच लिहायचं, अंदाज ठोकायचा नाही. हे दहा मिनिटांचं काम कंटाळवाणं आहे आणि प्रत्येक नवा माणूस ते टाळायला बघतो. पण अर्थ लावत लावत उतरवलं की आपला अंदाज फळ्यावरचाच मजकूर वाटायला लागतो.

मग प्रत्येक ओळीपुढे एक शब्द लिहायचा: निर्णय, काम, प्रश्न किंवा नुसती माहिती. रंगाची ओळ निर्णयात गेली. ग्लँड प्लेट प्रश्नात गेली, आणि प्रश्नातूनच काम निघालं, ते म्हणजे ग्राहकाला विचारणं. मीटरच्या त्या एका ओळीची दोन कामं झाली, कारण ती दोन माणसांची होती. त्यातलं पहिलं आता असं दिसतं:

72 च्या मीटरसाठी दरवाज्याचं ड्रॉइंग बदलून फॅब्रिकेटरला पाठवणे. ड्रॉइंग विभाग, पूर्ण नावासह. शुक्रवार 15 तारीख, दुपारी 4. फॅब्रिकेटरचं ‘नवीन ड्रॉइंग मिळालं, जुनं रद्द’ असं उत्तर आलं की पूर्ण.

चार वाजता का, तर शनिवारी सकाळी कटिंग सुरू होतं आणि शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेलं ड्रॉइंग तिथे कोणी उघडत नाही. ‘शुक्र.’ एवढ्यावर थांबलो असतो तर रात्री अकरा वाजताही तो शुक्रवारच असता. शिवाय ‘शुक्र.’ म्हणजे कुठला शुक्रवार, हे मीटिंगच्या तारखेवरून ठरतं. फोटो मेसेजमधून दोनदा पुढे गेला की काढल्याची मूळ तारीख बहुधा गळून पडते आणि डाउनलोडची तारीख दिसते. म्हणून फळ्याच्या कोपऱ्यात तारीख आधी लिहायची, मगच बाकीचं.

फोटोबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दिव्याची चमक अक्षरांवर आली तर एक पाऊल बाजूला सरकून काढावा, फळा मोठा असेल तर दोन भागांत काढावा आणि मधला मजकूर दोन्हींत येऊ द्यावा. ग्रुपवर फोटो म्हणून टाकला तर तो दाबला जातो आणि बारीक अक्षर फुटतं, म्हणून फाइल म्हणून पाठवावा. पुसायच्या आधी झूम करून एकदा वाचावा. बस.

खरी कसोटी नावाची. फळ्यावर नाव नसेल तर यादी करणाऱ्याने ते घालायचं नाही, ‘ठरायचं आहे’ असं लिहायचं. आधी आम्ही ‘हे साधारण याचंच काम असतं’ म्हणून नाव टाकून द्यायचो, आणि त्या माणसाला ते आठवडाभराने कळायचं. ‘सर्वांनी’ हेही चालत नाही. ‘दर सर्वांनी तपासावेत’ अशी ओळ होती, ते कोणीच तपासले नाहीत. आता तिथे एकच नाव असतं, बाकीचे त्याला मदत करतात. यादी त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना जाते, आणि ज्याचं नाव आहे त्याने अंगठा नाही, शब्द लिहायचे: ‘घेतलं’, किंवा ‘15 ला जमणार नाही, 18 ला देतो’. उत्तर आलं नाही तर ते काम त्याचं धरलं जात नाही. यादी करणारा दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन विचारतो.

सुरुवातीला याची चिडचिड झाली. आमचा जुना वायरमन म्हणाला, ‘साहेब, सही घ्यायचीच बाकी ठेवलीत.’ त्याचं अगदीच चुकीचं नव्हतं. पहिल्या महिन्यात मी एकेका मीटिंगमधून वीस-वीस कामं काढत होतो. ‘लक्ष ठेवणे’, ‘पाठपुरावा करणे’ असलीही कामं त्यात असायची, ज्यांचा शेवट कधी होतो ते मलाही सांगता आलं नसतं. आता पूर्ण झाल्याची खूण लिहिता येत नसेल तर ओळ कामांत घेत नाही. आठवड्याला सात-आठ उरतात.

फोटोतून न मिळणारी एक गोष्ट अजूनही छळते: जे बोललं गेलं पण लिहिलं गेलं नाही ते. त्यावर उपाय म्हणून फळा पुसायच्या आधी पाच मिनिटं कोणीतरी ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचतं आणि ‘कोण, कधी’ विचारतं. गेल्या मंगळवारी ‘स्टोअरची मांडणी’ या ओळीवर बोट आलं आणि सगळे खाली बघू लागले. ती ओळ ‘ठरायचं आहे’ म्हणून सलग तिसऱ्या आठवड्यात फळ्यावर होती. वायरमनने डस्टर उचललं, माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली आणि त्याने ती पुसून टाकली.