ढेकर आला तरी पट्टी

“डाक्टरसाहेब, सादी जळजळ हाये, गॅसची गोळी द्या म्हटलं त तुमी पट्टी काहून काढाले लावता?”

पट्टीचे, म्हणजे ईसीजीचे पैसे मी घेतो, हे आधीच सांगून टाकतो. माझ्याकडच्या बहुतेक पट्ट्या चांगल्या निघतात, हेही कबूल. तरी काढतो, कारण नुसत्या ‘जळजळ’ म्हणण्यावरून मला काही कळत नाही. अन्ननलिका आणि हृदय या दोघांच्या वेदनेच्या नसा मणक्यात जवळपास एकाच ठिकाणी पोचतात, त्यामुळे दुखणं कुणाचं हे खुद्द दुखणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून कसं दुखतं ते सोडून मी दोनच गोष्टी खोदून विचारतो: कधी सुरू होतं आणि कशानं थांबतं.

जेवल्यावर आडवं झालं, निंदताना वाकलं की आग गळ्याकडे चढते, तोंडात आंबट पाणी येतं, उठून बसलं की उतरते. हे बहुतेक वेळा पित्तच. चालल्यावर, ओझं उचलल्यावर येतं आणि थांबलं की थोड्या मिनिटांत जातं, ते हृदयाचं समजून तपासायचं, मग तुम्ही त्याला काहीही म्हणा.

पूर्वी मी याहून सोपं सांगायचो. पित्तवाला बोटानं खालून वर रेघ ओढतो, हृदयवाला छातीवर मूठ धरतो. नर्सताईंनाही तेच शिकवलं होतं. मग कापूस वेचणीच्या दिवसांत एका संध्याकाळी एक काका आले. पन्नाशी उलटलेली, शुगर असलेले. बेंबीच्या वर, बरगड्या जुळतात तिथं आग होत होती, आणि त्यांनी बोटानं रेघच ओढून दाखवली. दुपारी ठेचा-भाकर खाल्ली होती, एकदा उलटी झाली होती. सोड्याचं पाणी पिऊन ढेकर आला तसं बरंही वाटलं होतं. पोरगा म्हणाला, “गॅसच हाये, तुमी फक्त इंजेक्शन मारा.”

मी विचारलं, याआधी असं कधी झालं? काका म्हणाले, “आठ-धा दिसापासून कापसाचं गाठोडं बंडीपर्यंत नेलं का जळते. धुऱ्यावर बसलो का जाते. आज बसलो तरी जाऊनच नाही राह्यलं.”

गाठोडं उचललं की येणारी आग ठेच्याची नसते. त्यातून ती आता बसूनही थांबत नव्हती, म्हणजे रक्तवाहिनी बहुधा बंद पडत चालली होती. हृदयाचा खालचा भाग पोटाच्या पडद्यावर टेकलेला असतो. तिथला झटका बऱ्याचदा पोटदुखी, मळमळ, उलटी असाच बोलतो. शर्ट मात्र घामानं चिकटला होता, आणि हवेत तर गारवा होता.

पहिली पट्टी जवळपास चांगली आली. पोरगा उठलाच, “पाहा, म्हटलं होतं ना!” मी बसवून ठेवलं. झटक्याच्या सुरुवातीला पट्टी कोरी येऊ शकते. वीसेक मिनिटांनी दुसरी काढली, तेव्हा हृदयाची खालची बाजू दाखवणाऱ्या लीड दोन, तीन आणि एव्हीएफमधली रेघ वर उचलली गेली होती. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका. ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून खायला दिलं आणि १०८ बोलावली. पोरानं शेजाऱ्याकडून आणलेली जिभेखालची गोळी मी देऊ दिली नाही, त्यावरून आमचं वाजलंही. वरचं बीपी ९० च्या आसपास होतं. अशा झटक्यात उजवा कप्पाही सापडलेला असेल, तर ती गोळी बीपी एकदम पाडू शकते. जिल्ह्याच्या ठिकाणी गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन वेळेत मिळालं आणि काका वाचले. आजही ते लोकांना सांगतात की त्यांना गॅस झाला होता. त्यांना पित्तही आहे, त्यामुळे मी काय बोलणार!

“मग ढेकर आल्यावर बरं का वाटलं?” हे पोरानं नंतर विचारलं. हृदयाचं दुखणं स्वतःहून चढतं-उतरतं, उतरत्या वेळी जे घेतलं त्याला श्रेय मिळतं. उलटंही होतं: जिभेखालच्या गोळीनं अन्ननलिकेची कळसुद्धा सैल पडते. औषधानं आराम पडला, यावरून निदान होत नाही.

माझी ही विचारपूसही पुरी पडत नाही. अलीकडे शुगरवाल्या एका मावशी आल्या. छातीत काही नाही, फक्त मळमळ आणि धाप. दोन्ही पट्ट्या साफ. हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी ट्रोपोनिनची रक्ततपासणी सुरुवातीच्या तासांत कोरी येऊ शकते, काही तासांनी पुन्हा करावी लागते, म्हणून तालुक्याला पाठवल्या. तिथंही साफ. गाडीभाड्यावरून त्यांचा नवरा अजून माझ्याशी नीट बोलत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही चिडलो असतो. पण मावशी उद्या तशाच आल्या, तर पुन्हा गाडीच करायला सांगणार.